नळाला मीटर आहे, बिलही येते. मग चाळीस टक्के पाणी जाते कुठे?

जलवाहिनी फुटली की गोव्यात बातमी होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कुर्टी-खांडेपारजवळ ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाहून येणाऱ्या मुख्य वाहिन्या फुटल्या, तेव्हा तिसवाडी आणि फोंड्यातले नळ कित्येक दिवस कोरडे पडले होते. रस्त्यावर उसळणारे पाणी, खड्ड्यात उतरलेले कामगार आणि दारोदार फिरणारे टँकर सगळ्यांनी पाहिले.

पाण्याचा मोठा तोटा मात्र अशा फुटण्यात नसतो. फुटलेल्या वाहिनीतून तासाला दोन लाख लिटर पाणी वाहते आहे आणि चार तासांत व्हॉल्व्ह बंद झाला असे धरा. आठ लाख लिटर गेले. दुसरीकडे एखाद्या गल्लीत, घराकडे जाणाऱ्या अर्ध्या इंची गंजलेल्या पायपाला तीन मिलिमीटरचे भोक आहे. पंचवीस मीटर दाबाला, म्हणजे सात-आठ मजली इमारतीएवढ्या उंचीच्या पाण्याच्या दाबाला, त्यातून तासाला सुमारे ३४० लिटर आणि दिवसाला आठ हजार लिटर पाणी जाते. ते कोणालाच दिसत नाही. शंभर दिवसांत तेही आठ लाख लिटर होते, आणि शंभराव्या दिवशीही भोक तिथेच असते.

फुटलेली वाहिनी स्वतःच ओरडते, म्हणून तिच्याकडे माणसे धावतात. न ओरडणाऱ्या गळतीकडे कोणी, कशाने आणि कुठल्या पैशातून जायचे, हा प्रश्न अभियांत्रिकीचा कमी आणि प्रशासनाचा व हिशेबाचा जास्त आहे.

बिनमहसुली पाणी म्हणजे नक्की काय?

शुद्धीकरण प्रकल्पातून किंवा टाकीतून जेवढे पाणी सोडले, त्यातून ज्याचे बिल झाले तेवढे वजा करा. उरलेल्याला बिनमहसुली पाणी म्हणतात. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी जे मापदंड ठरवले, त्यात हे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत असावे असे म्हटले आहे. आपल्याकडच्या बहुतेक शहरांत ते त्याहून बरेच जास्त असते.

‘गळती चाळीस टक्के’ असे छापून येते तेव्हा बहुधा हाच आकडा गळती म्हणून खपवलेला असतो. ही पहिली चूक. या एका आकड्याच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली खरी गळती, म्हणजे पाणी जमिनीत गेले. दुसरी कागदावरची गळती: पाणी कोणाच्या तरी बादलीत पडले, पण मीटरने मोजले नाही, मीटर वाचला गेला नाही किंवा जोडणीच बिलाच्या यादीत नाही. तिसरे म्हणजे पाणीपुरवठा खात्याने जाणूनबुजून, बिल न करता दिलेले पाणी. सार्वजनिक नळ, अग्निशामक दल आणि टाक्या व वाहिन्या धुणे यांत ते जाते.

या तिसऱ्या प्रकारामुळे गोव्यात एक गंमत झाली. २०२१ मध्ये सरकारने घरगुती ग्राहकांना महिन्याला सोळा हजार लिटरपर्यंत पाणी मोफत देण्याची योजना आणली. व्याख्या काटेकोर लावली तर मोजून दिलेले पण बिल शून्य असलेले हे पाणीही बिनमहसुलीच ठरते. एक थेंबही जास्त न गळता आकडा रातोरात फुगू शकतो. म्हणून कोणी टक्केवारी सांगितली की मोफत पाणी आत धरले आहे की बाहेर, हे आधी विचारावे.

दुकानदार संध्याकाळी गल्ला मोजतो आणि पैसे कमी भरतात. माल उंदरांनी खाल्ला असेल, तराजू खोटा असेल, उधारी वहीत लिहायची राहिली असेल किंवा घरच्यांनी उचलून नेले असेल. चारही वेळा गल्ला सारखाच कमी भरतो, पण तराजू खोटा असताना मांजर पाळून भागत नाही.

एका टाकीचा हिशेब

पठारावरची एक टाकी आणि तिच्यावर हजार जोडण्या असा भाग घेऊ. पर्वरीसारखी वस्ती डोळ्यांपुढे आणा. पुढचे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही खात्याचे नाहीत. प्रमाणे मात्र कामात आढळतात तशीच ठेवली आहेत. हिशेब घनमीटरात करू. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर.

टाकीच्या तोंडावरचा मोठा मीटर महिन्याला ३०,००० घनमीटर दाखवतो आणि बिले १८,००० ची झाली आहेत. म्हणजे १२,००० गायब, बरोबर चाळीस टक्के.

सुरुवात गळती शोधण्यापासून करायची नसते. आधी टाकीचा मीटर खरे बोलतो का ते पाहायचे. टाकीत येणारे पाणी तासभर बंद ठेवायचे आणि पातळी किती उतरली ते पट्टीने मोजायचे. टाकी बारा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असेल तर तिचे क्षेत्रफळ १२० चौरस मीटर झाले. पातळी पस्तीस सेंटिमीटर उतरली, म्हणजे ४२ घनमीटर पाणी गेले. त्याच तासात मीटरने ४४ दाखवले, म्हणजे मीटर जवळपास पाच टक्के जास्त मोजतो. मग टाकीतून खरे पाणी ३०,००० नव्हे, सुमारे २८,६०० घनमीटर गेले. चौदाशे घनमीटर ‘गळती’ मुळात नव्हतीच. एक पट्टी आणि एक घड्याळ एवढ्यावर हे कळते. तरी ही तपासणी फार क्वचित होते, कारण मोठा मीटर खोटा निघाला तर आजवरचे सगळे अहवाल खोटे ठरतात आणि ते सांगायला कोणी उत्सुक नसते.

आता १०,६०० उरले. सार्वजनिक नळ, टाकी धुणे वगैरेचे ४०० धरून वजा केले की १०,२०० राहतात. यात जमिनीत किती गेले आणि बादलीत किती, हे सांगणारा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार म्हणजे रात्र.

रात्री दोन ते चार

रात्री दोन ते चारच्या दरम्यान माणसे झोपलेली असतात, पण भोके झोपत नाहीत. उलट वापर थांबल्याने वाहिनीतला दाब वाढतो आणि गळती जोर धरते. म्हणून या वेळी टाकीतून जे पाणी जात असते त्यात गळतीचा वाटा सगळ्यात मोठा असतो.

आपल्याकडे यात एक अडचण येते, ती म्हणजे घराघरांतल्या टाक्या. रात्री माणूस झोपला तरी छपरावरची टाकी किंवा जमिनीतला संप भरत असतो. त्यासाठी आदल्या संध्याकाळपासून भागाला पूर्ण दाबाने पाणी द्यायचे, म्हणजे टाक्या भरून त्यांचे बॉलकॉक बंद होतात. शिवाय तीस-चाळीस घरांचे मीटर रात्री दोनला आणि चारला वाचून सरासरी काढायची. समजा ती घरामागे तासाला तीन लिटर आली. हजार घरांचे तीन घनमीटर झाले.

मीटरची चूक वजा करून टाकीचा रात्रीचा प्रवाह तासाला बारा घनमीटर आला. तीन वजा केले की उरलेले नऊ म्हणजे गळती. दिवसा दाब कमी असल्याने गळतीही थोडी कमी असते, म्हणून चोवीसऐवजी वीस तासांनी गुणायचे. दिवसाला १८० आणि महिन्याला ५,४०० घनमीटर. चाळीस टक्के गळती म्हणून ज्या बारा हजारांचा बोभाटा झाला, त्यात जमिनीत गेलेले पाणी निम्म्याहून कमी निघाले.

बाकीचे ४,८०० लोकांपर्यंत पोचले आहे, फक्त वहीत नाही. त्यातही शोध घेतला की बंद पडलेले मीटर १२० सापडतात. त्यांना सरासरीने बारा घनमीटरचे बिल जाते आणि वापर वीसच्या आसपास असतो. इथे ९६० गेले. चालू मीटर जुने झाल्याने आठेक टक्के कमी मोजतात. तिथे १,४४० गेले. गल्लीगल्लीत फिरून जोडण्या मोजल्या आणि त्या बिलाच्या यादीशी ताडल्या, तर सत्तर जोडण्या यादीतच नाहीत असे दिसते. तिथे १,४०० गेले. उरतात हजार घनमीटर. त्यांचा पत्ता लागत नाही, आणि लागत नाही तोवर ‘हिशेब लागला नाही’ असेच लिहून ठेवावे. ते बळेच ‘चोरी’च्या रकान्यात ढकलले की पुढची तपासणी चुकीच्या दारात जाते.

मीटर कमी का मोजतो?

मीटर म्हातारा झाला की हळू होतो हे खरे, पण नवा मीटरही काही पाणी सोडून देतो. घरगुती अर्ध्या इंची मीटर ‘बी’ वर्गाचा असेल तर तासाला तीस लिटरच्या खालचा प्रवाह अचूक मोजण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. आणखी खाली, तासाला आठ-दहा लिटर असेल तर चाक हलतच नाही.

नळ एकदम उघडला तर तासाला पाचशे-सहाशे लिटर जातात आणि मीटर बरोबर मोजतो. पण पाणी टाकीत पडते ते बॉलकॉकमधून. टाकी भरत आली की बॉलकॉक हळूहळू मिटतो आणि शेवटचे पाणी बारीक धारेने येते. रबरी वॉशर झिजला असेल तर ती धार कधी थांबतच नाही. तासाला दहा लिटर म्हणजे महिन्याला सात हजार लिटरहून जास्त, आणि यातले बरेचसे मीटरच्या नजरेआड. यात ग्राहकाची लबाडी नसते. दहा रुपयांच्या वॉशरने खात्याचे आणि टाकी ओसंडत असेल तर घरमालकाच्या भिंतीचेही नुकसान चालवलेले असते.

दुसरी गोष्ट उलट बाजूची. दिवसातून काही तासच पाणी येते तिथे रिकाम्या वाहिनीत हवा भरते. पाणी सुटले की ती हवा मीटरमधून बाहेर पडते आणि चाक भराभर फिरते. ‘पाणी आलेच नाही, फक्त फुसफुस झाली आणि मीटर पळाला’ ही तक्रार म्हणूनच हसण्यावारी नेण्यासारखी नाही. वाहिनीच्या उंच जागांवर हवा सोडणारे व्हॉल्व्ह चालू असले तर हा त्रास कमी होतो. ते अनेकदा डांबराखाली गाडलेले असतात.

गोव्यात मीटर वाचण्याचेही स्वतःचे प्रश्न आहेत. वर्षातले दहा महिने कुलूप असलेले फ्लॅट आणि बंगले पुष्कळ. मीटर कुंपणाच्या आत असतो, वाचायला आलेला माणूस ‘दार बंद’ असे लिहितो आणि बिल सरासरीने निघते. सलग काही वेळा असे झाले की मीटर बंद पडला आहे की घर, हे कोणालाच सांगता येत नाही. आणखी एक सापळा विहिरीचा. गोव्यात असंख्य घरांना स्वतःची विहीर आहे. धुणी-भांडी आणि झाडे विहिरीवर, फक्त पिण्याचे पाणी नळाचे. अशा घराचे बिल महिन्याला चार घनमीटर आले म्हणून मीटर खराब किंवा चोरी असा शिक्का मारणे चूक आहे. संगणकाने काढलेल्या ‘संशयास्पद कमी वापर’ अशी यादी हातात घेऊन फिरणाऱ्या लाईनमनला विचारले, तर अर्धी नावे तो विहिरीमुळे काढून टाकेल.

मग सगळे मीटर बदला की!

इथे पैशाचे गणित आडवे येते आणि ते जरा वेळ देऊन पाहण्यासारखे आहे.

जमिनीत गेलेल्या एक हजार लिटरची किंमत वेगळी आणि न मोजलेल्या एक हजार लिटरची वेगळी. गळती थांबवली तर तेवढे पाणी बनवण्याचा खर्च वाचतो, म्हणजे पंपाची वीज, तुरटी, क्लोरीन. कागदावरची गळती थांबवली तर तेवढ्याचे बिल मिळते, म्हणजे किंमत पाण्याच्या दराएवढी. आपल्या उदाहरणात बनवण्याचा चालू खर्च घनमीटरला पाच रुपये आणि घरगुती दर सहा रुपये धरू. मीटर बसवणुकीसह दोन हजारांना पडतो असे समजू.

जुने पण चालू असलेले ८८० मीटर बदलायला साडेसतरा लाख लागतील. त्यातून महिन्याला १,४४० घनमीटर, म्हणजे ८,६४० रुपये मिळतील. पैसे वसूल व्हायला सतरा वर्षे लागतात, आणि मीटर दहा वर्षांत पुन्हा म्हातारा झालेला असतो. त्यात मोफत पाण्याची मर्यादा लागू असेल, तर ज्यांचा वापर तिच्यात बसतो त्यांच्याकडून तेवढेही येणार नाहीत.

बंद पडलेले १२० मीटर बदलायचे तर दोन लाख चाळीस हजार लागतात आणि महिन्याला ५,७६० मिळतात. साडेतीन वर्षांत वसुली. यादीत नसलेल्या सत्तर जोडण्या नियमित केल्या तर महिन्याला ८,४०० रुपये येतात आणि खर्च फक्त फिरण्याचा. आता त्याच भागातले एक हॉटेल घ्या. महिन्याला तीनशे घनमीटर वापर, व्यापारी दर चाळीस रुपये, आणि मीटर पंधरा टक्के कमी मोजतो. पंचेचाळीस घनमीटरचे महिन्याला अठराशे रुपये बुडतात. बहुधा ते त्या पत्ता न लागलेल्या हजारातलेच आहेत. पंचवीस हजारांचा मोठा मीटर चौदा महिन्यांत पैसे फेडतो.

म्हणून जाणकार क्रम असा लावतात: आधी मोठ्या ग्राहकांचे मीटर, मग यादीबाहेरच्या जोडण्या, मग बंद मीटर, आणि चालू घरगुती मीटर सगळ्यात शेवटी. प्रत्यक्षात निविदा बरोबर उलट निघते, कारण ‘हजार मीटर बदलले’ हे मोजायला आणि उद्घाटनाला सोपे असते.

दुरून वाचता येणारे मीटर बसवले तर कुलूपबंद दाराचा प्रश्न सुटतो, हे मान्य. बॉलकॉकची बारीक धार मात्र मीटरच्या आतल्या मोजयंत्रावर अवलंबून असते. जुन्याच जातीच्या यंत्राला वर रेडिओ लावला तर तो कमी मोजलेला आकडा जास्त वेगाने ऑफिसात पोचवतो, एवढेच.

आणि गळती? ती सापडते कशी?

पुन्हा रात्रीच. भागाचे व्हॉल्व्ह टाकीपासून सगळ्यात दूरच्या टोकाकडून एकेक करून बंद करत यायचे आणि प्रत्येक वेळी टाकीच्या मीटरवर प्रवाह किती उतरला ते लिहायचे. आपल्या उदाहरणात सहा तुकडे आहेत. शेवटचा तुकडा बंद केला, प्रवाह बारावरून साडेअकरावर आला. त्यानंतरचा बंद केला, तो अकरावर आला. तिसरा बंद करताच एकदम ६.७. त्या तुकड्यात फक्त ११० घरे आहेत. त्यांचा रात्रीचा वापर तासाला जेमतेम ३३० लिटर. म्हणजे तासाला चार घनमीटरची गळती त्या दोन-तीन गल्ल्यांत आहे. सबंध भाग खणायची गरज उरली नाही.

हे करताना पहिला अडथळा येतो तो व्हॉल्व्हचाच. नकाशावर आहे पण रस्त्यावर सापडत नाही, सापडला तर चेंबरमध्ये माती, आणि माती काढली तर पूर्ण बंद होत नाही. बंद न होणारा व्हॉल्व्ह ओळखायचा तर तो मिटल्यावर पुढच्या गल्लीतला एखादा नळ उघडून पाहायचा. पाणी थांबले नाही तर त्या रात्रीचे आकडे टाकून द्यायचे.

तुकडा ठरला की कान लावायचे काम. लोखंडी सळईचे एक टोक मीटरजवळच्या पायपावर किंवा व्हॉल्व्हवर आणि दुसरे कानाशी. दाबाखाली सुटणारे पाणी सतत सळसळते. माणसाने नळ उघडला असेल तर तो आवाज थोड्या वेळाने थांबतो. लोखंडी पायपात हा आवाज लांबवर जातो, प्लॅस्टिकच्या पायपात थोड्याच अंतरावर विरतो. म्हणून प्लॅस्टिकच्या जाळ्यात जागोजागी ऐकावे लागते आणि खड्डा चुकण्याचे प्रमाण वाढते.

वर ओल दिसेल आणि मग दुरुस्ती करू, या भरवशावर गोव्यात राहता येत नाही. पठारावरचा जांभा दगड सच्छिद्र असतो. पाणी वर यायच्या आधी त्याच्या फटींतून खाली उतरते आणि कधी कधी दूरच्या उतारावर ओहोळासारखे निघते. किनाऱ्यालगत वाळू तेच करते. पणजीच्या सखल भागात गोष्ट वेगळी. तिथे जमिनीतले पाणी मुळातच वर असते आणि ते भरती-ओहोटीबरोबर हलते, म्हणून गळतीची ओल ओळखू येत नाही. खारी माती लोखंडी पायपाला बाहेरून खात असते. आणि जूननंतर चार महिने सगळा गोवाच ओला असतो, तेव्हा कशाची ओल कशाची हे कोण सांगणार?

बहुतेक गळती मोठ्या वाहिनीवर नसते, तर वाहिनीपासून घरापर्यंतच्या जोडणीवर असते. जिथे वाहिनीला भोक पाडून फेरूल, म्हणजे घराकडची नळी जोडायचे तोंड, बसवतात तिथे, वळणावर, किंवा गंजलेल्या जस्तलेपित पायपाच्या मधोमध. अशा पायपाला एका जागी पट्टी मारली तर काही महिन्यांत हातभर अंतरावर दुसरे भोक पडते. वाहिनीपासून मीटरपर्यंतचा तुकडा सबंध काढून तिथे एकसंध प्लॅस्टिकची नळी घालणे हीच खरी दुरुस्ती. कंत्राट मात्र सहसा खड्ड्यामागे दर ठरवून दिलेले असते. मग तेच घर वर्षात तीनदा खणले तर कंत्राटदाराचे तीनदा भागते.

पाणी तर काही तासच येते, मग गळणार किती?

दाब नसतो तेव्हा भोकातून बाहेर काही जात नाही, हे खरे. पण तेव्हा भोक उलट दिशेने काम करते. रिकाम्या होणाऱ्या वाहिनीत आजूबाजूचे पाणी ओढले जाते, आणि जवळून गटार जात असेल तर तेही. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे नळाला गढूळ पाणी येते, त्यामागचे एक कारण हे असते. शिवाय रोज दाब चढणे-उतरणे म्हणजे जुन्या सांध्यांना रोजचा झटका. पुरवठ्याचे तास कमी केल्याने गळतीची वेळ कमी होते, भोके मात्र वाढत जातात.

टक्केवारीची आणखी एक लबाडी इथेच सांगतो. पर्यटनाच्या हंगामात वापर वाढला की तीच गळती टक्क्यांत कमी दिसते, आणि वापर उतरला की जास्त. म्हणून गळती जोडणीमागे दिवसाला किती लिटर, अशी सांगावी. आपल्या उदाहरणात ती १८० लिटर आहे. या मापाला सीझन-ऑफसीझन नसतो.

दुरुस्तीचे पैसे फिटतात का?

सोळा जागा दुरुस्त केल्या आणि रात्रीची गळती तासाला नऊवरून साडेतीन घनमीटरवर आली असे धरू. महिन्याला ३,३०० घनमीटर वाचले. शोधकामासाठी साठ हजार आणि रस्ता पूर्ववत करण्यासह जागेमागे पंधरा हजार, असे तीन लाख खर्च. चालू खर्चाची बचत महिन्याला साडेसोळा हजार. दीड वर्षात फिटले. पण ज्या भागात एप्रिल-मेमध्ये टँकर लावावे लागतात तिथे हिशेब बदलतो. ३,३०० घनमीटर म्हणजे दहा हजार लिटरचे रोज अकरा टँकर. तिथे वाचलेल्या पाण्याची किंमत तुरटी-विजेएवढी नसून टँकरच्या भाड्याएवढी असते, आणि तीन लाख रुपये टँकरच्या एका हंगामातसुद्धा निघून जाऊ शकतात.

तरी हे काम मागे का पडते? नवी वाहिनी टाकायला भांडवली खर्चातून पैसे मिळतात, गळती शोधायला नाहीत. ते देखभालीत जाते आणि देखभालीची तरतूद फुटलेल्या वाहिन्यांवरच संपते. वीजबिल अंदाजपत्रकातल्या एका शीर्षाखाली, टँकर दुसऱ्या आणि दुरुस्ती तिसऱ्या. गळती थांबली की बचत विजेच्या आणि टँकरच्या शीर्षात दिसते, खर्च मात्र दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्याच्या नावावर पडतो. त्यात रस्ता खणायची परवानगी वेगळी, आणि नुकताच डांबरलेला रस्ता असेल तर ती मिळणे अवघड. पावसाळ्यात खणाई थांबते. सप्टेंबरमध्ये सापडलेले भोक दिवाळीनंतर बुजले तर मधले साठ दिवस ते रोज आठ हजार लिटर सोडत असते. भोक किती मोठे यापेक्षा ते किती दिवस उघडे राहिले यावरच एकूण तोटा ठरतो.

घरी काय पाहता येईल?

मीटरच्या तबकडीवर एक बारीक चांदणी किंवा लाल त्रिकोण असतो. घरातले सगळे नळ बंद करा आणि टाकी भरलेली असताना तो पाहा. फिरत असेल तर मीटरच्या पुढे कुठेतरी पाणी जाते आहे. बहुतेक वेळा बॉलकॉक, नाहीतर संडासची फ्लशटाकी. आता मीटरजवळचा कॉक बंद करा. तो मीटरच्या आधी, वाहिनीच्या बाजूला असेल तर चांदणी थांबायलाच हवी. थांबली आणि तरीही पायपाला कान लावल्यावर सळसळ येत असेल, तर गळती वाहिनी आणि तुमच्या मीटरच्या मध्ये आहे. तिचे पाणी तुमच्या बिलात येत नाही, म्हणूनच तक्रारही कोणी करत नाही. तक्रार देताना ‘पाणी कमी येते’ असे न लिहिता ‘कॉक बंद असताना मीटरआधीच्या पायपात आवाज येतो’ असे वेळेसह लिहावे. त्याने लाईनमनची एक फेरी वाचते.

एकदा दुरुस्त केले की संपले?

नाही. सोळा भोके बुजवली की वाचलेल्या पाण्याने वाहिनीतला दाब वाढतो आणि त्या वाढीव दाबाने उरलेली भोके जास्त गळू लागतात. कच्चे सांधे नव्याने सुटतात. म्हणून दुरुस्तीच्या जोडीने, पाण्याची सगळ्यात उंचावरच्या घराला अडचण होणार नाही अशा बेताने, रात्रीचा दाब उतरवणारा व्हॉल्व्ह बसवतात. ढोबळमानाने दाब पंचवीसवरून वीस मीटरवर आणला तर गळतीही पाचव्या हिश्श्याने घटते, तीही काही न खणता.

आपल्या टाकीवर दुरुस्तीनंतर रात्रीचा प्रवाह साडेसहा घनमीटर आला होता. सहा महिन्यांनी तो साडेसात दिसला, तर कुठेतरी तासाला हजार लिटरचे नवे भोक पडले आहे आणि पुन्हा व्हॉल्व्ह घेऊन निघायची वेळ झाली आहे. हे कळायला महागडी यंत्रणा लागत नाही. रात्री दोन आणि चारचा आकडा लिहिणारा टाकीवरचा ऑपरेटर आणि तो आकडा दर सोमवारी वाचणारा एक अभियंता लागतो. ऑपरेटर पुष्कळ ठिकाणी आकडा लिहितोही. ती वही पुढे कोणाच्या टेबलावर जायची, हे ठरलेले नसते.